सर्व्हिस चार्जमध्ये वेटरचं किती, आचाऱ्याचं किती? नोटीस बोर्डावरचा हिशोब असा वाचायचा

हिंगोली, वसमत, कळमनुरीतल्या बहुतेक खानावळींत आणि ढाब्यांवर सर्व्हिस चार्ज हा शब्द बिलावर दिसत नाही. जेवण झालं की बडीशेपेच्या वाटीत दहा-वीसची नोट ठेवायची, ती वेटर उचलतो, विषय संपला. पण एसी हॉल असलेली फॅमिली रेस्टॉरंट आणि लॉजला जोडून असलेली हॉटेलं इथे पद्धत बदलते. बिलाच्या तळाशी 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'स्टाफसाठी ऐच्छिक रक्कम' अशी ओळ येते, पैसे वाटीत न पडता गल्ल्यावर जातात आणि महिनाअखेरीला सगळ्या स्टाफमध्ये वाटले जातात. मराठवाड्यातून पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत कामाला जाणाऱ्या पोरांना तर ही पद्धत पहिल्याच महिन्यात भेटते.

अशा हॉटेलच्या मागच्या बाजूला, बहुधा किचनच्या दाराजवळ, एक कागद चिकटवलेला असतो. या महिन्यात किती जमा झालं, कुणाचे पॉइंट किती, एका पॉइंटला किती रुपये. स्टाफमधला प्रत्येक जण त्यावर आपलं नाव शोधतो, पुढची रक्कम बघतो आणि कामाला लागतो. ती रक्कम कशी आली, हे फार थोडे तपासतात. तपासणं अवघड नाही, तीन आकडे माहीत असले की पुरतं. मात्र ते तीनही आकडे नोटिशीवर असायला हवेत. बऱ्याचदा गडबड इथेच असते.

आधी एक गोष्ट: हा पैसा सक्तीचा नाही

सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीएसटी सरकारचा कर आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज सरकारकडे जात नाही, तो हॉटेलने स्टाफच्या नावाने मागितलेला पैसा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने ही रक्कम आपोआप बिलात टाकायची नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही सक्तीने घ्यायची नाही, नकार देणाऱ्याला सेवा नाकारायची नाही, आणि ती बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

हॉटेलमालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २० जुलै २०२२ ला सूचनांना स्थगिती मिळाली आणि प्रकरण जवळपास पावणेतीन वर्षं चाललं. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या, सूचना कायम ठेवल्या आणि प्रत्येक संघटनेला एक लाख रुपये भरायला सांगितले. संघटनांनी पुढे खंडपीठाकडे अपील केलं.

या खटल्यात मालकांच्या बाजूने एक मुद्दा असा होता की, सर्व्हिस चार्जमुळे पैसा फक्त ताट आणून देणाऱ्याला न मिळता भांडी घासणाऱ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना पद्धतशीरपणे वाटला जातो. मुद्दा खोटा नाही. वाटीतली वीसची नोट वेटरच्या खिशात जाते, तंदूरपुढे उभ्या माणसापर्यंत ती पोहोचत नाही. पण ग्राहकाकडून सक्तीने घेण्याला हे कारण पुरत नाही, आणि वाटप खरंच तसं होतं का हे तर त्या मागच्या दारावरच्या कागदावरूनच कळतं.

म्हणजे आता हिशोब सुरू होतो तो ग्राहकाने आपखुशीने दिलेल्या रकमेपासून. ती दर महिन्याला वेगळी असणार. 'दरमहा इतका सर्व्हिस चार्ज नक्की मिळेल' असं कुणी कामावर घेताना सांगितलं, तर तिथेच थांबून विचारायला हवं.

एक महिना, एक हॉटेल, पूर्ण हिशोब

उदाहरणासाठी हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक कल्पित फॅमिली रेस्टॉरंट घेऊ. महिना श्रावणाचा. औंढा नागनाथला दर सोमवारी भाविकांची रीघ लागते, त्यामुळे हॉटेलात दोन पंगती एकदम बसल्यासारखी गर्दी. महिनाभरात जीएसटी सोडून ६,४०,००० रुपयांची विक्री झाली. टेबलावर पाटी आहे: 'स्टाफसाठी ५ टक्के, ऐच्छिक. नको असल्यास सांगावे.' सगळ्यांनी दिले असते तर ३२,००० जमले असते. प्रत्यक्षात जमले २१,५०८.

स्टाफ तेरा जणांचा. बाहेर, म्हणजे फ्लोअरवर, एक कॅप्टन, चार वेटर आणि टेबल पुसणारे दोन हेल्पर. आत किचनमध्ये एक मुख्य आचारी, एक भाजी बनवणारा आणि एक तंदूरवाला असे दोन कुक, दोन हेल्पर आणि भांड्यांच्या मोरीवर एक मावशी.

प्रत्येक कामाला पॉइंट ठरलेले आहेत. कॅप्टन आणि मुख्य आचारी ३, वेटर आणि कुक २, हेल्पर आणि मावशी १. पॉइंट म्हणजे हिश्श्याचं वजन. ३ पॉइंटवाल्याला १ पॉइंटवाल्याच्या तिप्पट मिळतं. पण नुसत्या पॉइंटवर वाटलं तर अर्धा महिना गावी राहिलेला आणि सगळे सोमवार उभ्याने काढलेला सारखेच ठरतात. म्हणून पॉइंटला हजेरीच्या दिवसांनी गुणतात. २ पॉइंटचा वेटर २६ दिवस आला तर त्याचे ५२ 'पॉइंट-दिवस' झाले.

या महिन्यात सगळे २६ दिवस आले असते तर फ्लोअरचे १३ आणि किचनचे १० असे २३ पॉइंट, गुणिले २६, म्हणजे ५९८ पॉइंट-दिवस झाले असते. पण एक वेटर १३ दिवसच आला, त्याचे २६ पॉइंट-दिवस कमी झाले. किचनमधला एक हेल्पर सहा दिवस आजारी होता, त्याचे सहा गेले. उरले ५६६.

आता २१,५०८ भागिले ५६६, उत्तर ३८. एका पॉइंट-दिवसाला ३८ रुपये. बाकी सगळा गुणाकार आहे.

नोटीस अशी दिसेल:

> सूचना: सर्व स्टाफसाठी
>
> ऑगस्ट महिन्यात ग्राहकांनी स्टाफसाठी दिलेली ऐच्छिक रक्कम (बिलातून, कार्ड व यूपीआयने मिळालेली धरून): २१,५०८ रु.
>
> यातून कोणतीही कपात केलेली नाही.
>
> एकूण पॉइंट-दिवस: ५६६ (फ्लोअर ३१२, किचन २५४)
>
> एका पॉइंट-दिवसाचा दर: ३८ रु.
>
> कॅप्टन, ३ पॉइंट, २६ दिवस: २,९६४ रु.
> वेटर (तिघे, प्रत्येकी), २ पॉइंट, २६ दिवस: १,९७६ रु.
> वेटर (एक), २ पॉइंट, १३ दिवस: ९८८ रु.
> फ्लोअर हेल्पर (दोघे, प्रत्येकी), १ पॉइंट, २६ दिवस: ९८८ रु.
>
> मुख्य आचारी, ३ पॉइंट, २६ दिवस: २,९६४ रु.
> कुक (दोघे, प्रत्येकी), २ पॉइंट, २६ दिवस: १,९७६ रु.
> किचन हेल्पर (एक), १ पॉइंट, २६ दिवस: ९८८ रु.
> किचन हेल्पर (एक), १ पॉइंट, २० दिवस: ७६० रु.
> भांडी विभाग, १ पॉइंट, २६ दिवस: ९८८ रु.
>
> ही रक्कम पगाराव्यतिरिक्त आहे. दर महिन्याला ती कमी-जास्त होईल. मालक व मॅनेजर यांचा यात हिस्सा नाही. हजेरी किंवा हिशोबाबद्दल शंका असल्यास सात दिवसांत सांगावे. हजेरीपत्रक व रोजचे रिपोर्ट गल्ल्यावर पाहायला मिळतील.

या कागदावर कुणालाही आपला हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. जमा रक्कम, एकूण पॉइंट-दिवस आणि स्वतःचे पॉइंट-दिवस, हेच ते तीन आकडे. मोरीवरच्या मावशींनी २६ ला ३८ ने गुणलं की ९८८ येतात, नाही आले तर विचारायचं. अनेक ठिकाणच्या नोटिशीवर फक्त नाव आणि रक्कम असते, किंवा फार तर 'या महिन्याचा पॉइंट ३२ रुपये' इतकंच लिहिलेलं असतं. तो ३२ कुठून आला हे कळायला मार्ग नसतो, आणि मग कुजबुज सुरू होते. कधी ती खरी असते, कधी उगाच.

एकच भांडं की दोन भांडी?

वरच्या हिशोबात फ्लोअर आणि किचनचे पॉइंट एकाच भांड्यात होते. त्यातून फ्लोअरला ११,८५६ आणि किचनला ९,६५२ गेले, म्हणजे साधारण ५५ आणि ४५ टक्के. हे प्रमाण कुणी ठरवलं नव्हतं, माणसं आणि हजेरी यांतून ते आपोआप आलं.

दुसरी पद्धत अशी की आधी रकमेचे दोन भाग करायचे, समजा ६० टक्के फ्लोअरला आणि ४० टक्के किचनला, आणि मग त्या त्या भागात पॉइंटने वाटायचं. ऐकायला दोन्ही सारख्याच वाटतात. त्याच महिन्याचा हिशोब दुसऱ्या पद्धतीने केला तर फ्लोअरला १२,९०४ रुपये ८० पैसे येतात, ते ३१२ पॉइंट-दिवसांत वाटले की दर पडतो सुमारे ४१ रुपये ३६ पैसे. किचनला ८,६०३ रुपये २० पैसे, ते २५४ मध्ये वाटले की सुमारे ३३ रुपये ८७ पैसे. म्हणजे पूर्ण महिना आलेल्या वेटरला २,१५१ आणि पूर्ण महिना आलेल्या कुकला १,७६१. दोघांचे पॉइंट कागदावर सारखेच दोन-दोन, पण हातात येणाऱ्या रकमेत ३९० रुपयांचा फरक. 'आमच्याकडे कुकला आणि वेटरला सारखे पॉइंट आहेत' हे वाक्य अशा ठिकाणी खरं असूनही दिशाभूल करतं.

खरा फरक आणखी पुढे दिसतो, माणसं वाढली की. समजा गर्दी बघून मालकाने किचनमध्ये आणखी दोन हेल्पर घेतले. एक भांडं असेल तर एकूण पॉइंट-दिवस ५६६ चे ६१८ होतात, दर ३८ वरून ३४ रुपये ८० पैशांवर येतो. वेटर आणि कुक दोघांनाही १,८१० मिळतात, दोघांचेही १६६ रुपये कमी होतात. नव्या माणसांचा भार सगळ्यांनी मिळून उचलला.

दोन भांडी असतील तर फ्लोअरला काहीच फरक पडत नाही, वेटरचे २,१५१ तसेच राहतात. किचनचे पॉइंट-दिवस मात्र ३०६ होतात आणि कुकची रक्कम १,७६१ वरून १,४६२ वर येते. तीनशे रुपये गेले, तेही कामाचा ताण होता म्हणून माणसं वाढवली त्या महिन्यात. कुकला वाटतं नव्या पोरांनी आपलं खाल्लं, पोरांना वाटतं कुक आपल्याशी नीट बोलत नाही, आणि नियम ठरवणारा माणूस गल्ल्यावर शांत बसलेला असतो.

वेटरच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. ग्राहकाची कटकट तो ऐकतो, 'पनीर कडक आहे' हे किचनऐवजी त्याला ऐकावं लागतं, आणि ग्राहकाने रक्कम द्यावी असं वाटणं बरंचसं त्याच्या वागण्यावर असतं. म्हणून फ्लोअरला थोडं जास्त द्यायचं असेल तर त्यात अन्याय नाही. पण ते पॉइंटमध्ये उघड द्यावं. वेटरला २ ऐवजी सव्वादोन पॉइंट दिले तर सगळ्यांना दिसतं आणि त्यावर बोलता येतं. ६०-४० च्या आड लपलेला फरक कुणाला दिसत नाही. लहान हॉटेलसाठी एकच भांडं बरं, निदान जिथे आत-बाहेर मिळून पंधरा-वीसच माणसं आहेत तिथे.

नगदी टिप आणि क्यूआर कोड

भांड्यात काय येतं, हे नोटिशीने सांगायलाच हवं. बिलातून आलेली रक्कम भांड्यात आणि वाटीतली नोट वेटरची, अशी पद्धत असेल तर ती लिहिलेली असावी, कारण मग पॉइंट ठरवताना वेटरला वेगळी कमाई आहे हे धरता येतं. नगदी टिपही भांड्यात टाकायची असेल तर गल्ल्यावर कुलूपबंद डबा लागतो आणि तो उघडताना आत-बाहेरचा एकेक माणूस हजर असावा लागतो.

अलीकडची अडचण यूपीआयची आहे. ग्राहक म्हणतो, 'टिप पण यातच टाकतो,' आणि गल्ल्यावरच्या क्यूआरवर ५२५ च्या जागी ५५० पाठवतो. ते २५ रुपये मालकाच्या खात्यात विक्रीबरोबर मिसळतात. बिलिंग मशीनमध्ये त्यासाठी वेगळं बटण नसेल तर दिवसाअखेरच्या रिपोर्टमध्ये ते कुठेच येत नाहीत. मालकाची नियत चांगली असली तरी महिन्याच्या शेवटी ती रक्कम त्यालाही सापडत नाही. उपाय दोनच आहेत. बिल करतानाच ती ओळ वेगळी टाकायची किंवा स्टाफच्या रकमेसाठी वेगळा क्यूआर ठेवायचा. दिवसाअखेरीला मशीनचा आकडा एका वहीत उतरवून कॅप्टन आणि आचारी दोघांनी सही केली, तर महिन्याच्या नोटिशीवरची २१,५०८ ही रक्कम त्या वहीतून जुळवता येते.

भांडं कुठे गळतं

सगळ्यात नेहमीची गळती 'फुटतूट' या नावाने होते. कपबशा फुटतात, चमचे हरवतात, म्हणून वाटपाआधी १० टक्के बाजूला. आपल्या हिशोबात ते २,१५१ रुपये होतात आणि दर ३८ वरून सुमारे ३४ रुपये २० पैशांवर येतो. कुकचे १९८ रुपये गेले, आणि त्याने एकही कप फोडलेला नाही. बशी फुटणं हा धंद्याचा खर्च आहे. ग्राहकाने स्टाफला म्हणून दिलेल्या पैशातून तो भरून काढायचा असेल तर निदान 'स्टाफसाठी' ही पाटी खोटी ठरते. अशी कपात नोटिशीवर वेगळ्या ओळीत आहे का, आणि वर्षाअखेरीला उरलेलं परत मिळतं का, हे विचारावं.

दुसरी गळती पॉइंटच्या यादीतली नावं. गल्ल्यावर बसणारा मालकाचा भाचा ४ पॉइंट घेतो, मॅनेजर ५ घेतो, आणि पॉइंट-दिवसांची बेरीज फुगते. रक्कम तीच, दर खाली. म्हणून यादी नावांसकट किंवा निदान कामासकट पूर्ण लावलेली असावी. आपल्या उदाहरणात ५ पॉइंटचा एक मॅनेजर २६ दिवस धरला तर बेरीज ५६६ ची ६९६ होते आणि दर ३१ रुपयांच्या खाली जातो.

तिसरी गोष्ट दिसायला बक्षिसासारखी दिसते. 'ज्या वेटरच्या टेबलावर जास्त ग्राहकांनी सर्व्हिस चार्ज दिला त्याला जादा पॉइंट' किंवा 'चार्ज काढायला लावला तर त्या वेटरचा पॉइंट कमी.' असं झालं की नको म्हणणाऱ्या ग्राहकाशी वेटर हुज्जत घालतो, कारण नुकसान त्याचं आहे. ऐच्छिक रक्कम मग नावापुरती ऐच्छिक राहते, आणि तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गेली की उत्तर मालकाला द्यावं लागतं. ग्राहकाने नको म्हटलं तर ओळ काढायची आणि त्याचा परिणाम कुणा एकाच्या पॉइंटवर होऊ द्यायचा नाही, हे नोटिशीत एका वाक्यात आलं तर वेटरलाही मोकळं वाटतं.

पगारात धरता येत नाही

कामावर ठेवताना 'पगार बारा हजार, सर्व्हिस चार्ज धरून' असं सांगितलं जातं तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण मग भांड्यात कितीही जमलं तरी हातात तेवढेच येतात.

जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली टिपला वेतनाचा भाग मानायला नकार दिला. हा पैसा ग्राहकाचा, तो कामगारांसाठी दिलेला. मालक फक्त मधला सांभाळणारा, अशी त्यामागची भूमिका. २०१६ साली आयटीसी कंपनीच्या प्रकरणात तीच भूमिका करापर्यंत गेली. कार्डावर आलेली टिप मालकाने वाटली तरी ती पगार होत नाही, त्यामुळे मालकाने त्यावर पगारासारखा टीडीएस कापायचा नसतो. कामगाराच्या हातात ती 'इतर उत्पन्न' म्हणून येते. कर्मचारी राज्य विमा महामंडळानेही टिपऐवजी गोळा करून नंतर वाटलेला सर्व्हिस चार्ज आपल्या वर्गणीसाठी वेतन धरलेला नाही.

याची दुसरी बाजू कामगाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. विम्याची वर्गणी भरताना जो पैसा 'वेतन नाही', तोच किमान वेतन पूर्ण करताना 'वेतन आहे' असं म्हणता येत नाही. किमान वेतन मालकाच्या खिशातून पूर्ण झालं पाहिजे आणि भांड्यातली रक्कम त्याच्यावर यायला हवी. म्हणून वरच्या नोटिशीत 'पगाराव्यतिरिक्त' हा शब्द आहे. पगाराची आणि या रकमेची सही वेगवेगळ्या कागदांवर घेतली तर दोन्ही बाजूंना पुढे वाद घालावा लागत नाही. पगाराला न धरण्याचा तोटाही आहे. पीएफ किंवा ग्रॅच्युइटीचा हिशोब होतो तेव्हा ही रक्कम साधारणपणे त्यात नसते, त्यामुळे 'पगार कमी, सर्व्हिस चार्ज जास्त' हा सौदा हातात चांगला वाटला तरी नोकरी सोडताना महागात पडतो.

दुसरीकडे काय होतं

वाटपाची नोटीस लावलीच पाहिजे असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. तिथे मालकाला टिप आणि सर्व्हिस चार्जची पूर्ण रक्कम कामगारांना द्यावी लागते, कराशिवाय कपात करता येत नाही, पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत पोहोचावे लागतात, वाटपाचं धोरण लेखी ठेवावं लागतं आणि तीन वर्षांची नोंद जपावी लागते. कामगाराने मागितली तर त्याची नोंद दाखवावी लागते. तिथल्या हॉटेलांत या सामाईक भांड्याला 'ट्रॉन्क' म्हणतात, मूळ फ्रेंच शब्द, दानपेटीसाठीचा. औंढ्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलला तो कायदा लागू नाही, पण त्यातली एक गोष्ट फुकटात उचलता येते, वाटपाची ठरलेली तारीख. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या सात तारखेला नोटीस आणि दहा तारखेला पैसे, असं लिहिलं की मधेच काम सोडणाऱ्याचाही प्रश्न सुटतो. त्याचे पॉइंट-दिवस त्या महिन्याच्या बेरजेत धरलेले असतात, आणि तो गावी गेला असला तरी दहा तारखेला त्याच्या यूपीआयवर रक्कम जाते. १३ दिवस येऊन गेलेल्या त्या वेटरचे ९८८ रुपये असेच पोहोचायला हवेत. ते 'सोडून गेला' म्हणून भांड्यात परत टाकले, तर बाकीच्यांचा दर जेमतेम पावणेदोन-दोन रुपयांनी वाढतो आणि त्याचा अर्धा महिना फुकट जातो.